तक्ता स्लाइडवर मावत नाही, मावला तर वाचता येत नाही

पीडीएफमधून तक्ता काढायचा, एक्सेलमध्ये आणायचा, तिथून पॉवरपॉइंटमध्ये चिकटवायचा. तो स्लाइडच्या खाली लोंबतो. मग खालची कड धरून वर ओढायची, तर तो हलत नाही. म्हणून अक्षर बारीक करायचं, १८ वरून १४, १४ वरून ११, शेवटी ९. आता मावला, पण पहिल्या रांगेतल्यालाही वाचता येत नाही. जिल्हा, तालुका, पतपुरवठा, पाणीसाठा, विषय कुठलाही असो, ही अडचण त्याच क्रमाने येते. मी गावोगावच्या बैठकांसाठी स्लाइड करते आणि माझ्याकडे मदतीला येणाऱ्या दहातल्या आठ फाइलींत हाच प्रकार असतो.

मला हे नीट कळलं ते राजापूर तालुक्यातल्या एका बैठकीत. शाळेचा वर्ग, भिंतीवर पांढरी चादर, आणि माझ्या स्लाइडवर जनगणनेचा सबंध तक्ता. मागच्या बाकावरचे एक आजोबा उठून चादरीपाशी आले, चष्मा वर करून बघितलं आणि म्हणाले, "बाय, ह्यात आमचा जिल्हा खंय हा?" रत्नागिरी त्या तक्त्यात तिसाव्या ओळीच्या पुढे कुठेतरी होता. मलाही तो पटकन बोट ठेवून दाखवता आला नाही.

तोच तक्ता इथे उदाहरणाला घेते. २०११ च्या जनगणनेचा महाराष्ट्राचा जिल्हावार तक्ता. तेव्हा राज्यात ३५ जिल्हे होते. सांगायची गोष्ट एकच होती: २००१ ते २०११ या दहा वर्षांत रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या वाढली नाही, घटली.

अक्षर शेवटी ठरवलं की सगळं बिघडतं

मूळ चूक क्रमात आहे. आपण तक्ता आधी आणतो आणि तो मावेल तेवढं अक्षर ठेवतो. याच्या उलट करायला हवं. अक्षर आधी ठरवायचं आणि त्या अक्षरात किती ओळी मावतात त्यावरून तक्ता कापायचा. हे डोळ्यांनी अंदाजाने करू नका, दोन मिनिटांचं गणित आहे.

पॉवरपॉइंटची रुंद स्लाइड १३.३३ इंच रुंद आणि ७.५ इंच उंच असते. वरचं शीर्षक आणि खालची स्रोताची ओळ सोडली की तक्त्याला उभी जागा साधारण ५ इंच उरते. एका ओळीची उंची दोन गोष्टींची बनते: अक्षराची स्वतःची उंची आणि सेलच्या आतला वर-खालचा समास. हा समास मुळात वर ०.०५ आणि खाली ०.०५ इंच असतो, म्हणजे दोन्ही मिळून ७.२ पॉइंट. देवनागरीला वर वेलांटी-मात्रा आणि खाली उकार-ऋकार यांना जागा लागते, म्हणून एका ओळीला अक्षराच्या आकाराच्या साधारण १.३५ पट उंची धरा. फॉन्टप्रमाणे हे कमीजास्त होतं. मंगल उभी जागा जास्त खातो, निर्मला यूआय कमी.

आता ३५ जिल्हे आणि मथळ्याची एक ओळ अशा ३६ ओळी ५ इंचांत बसवून बघा. ५ इंच म्हणजे ३६० पॉइंट. प्रत्येक ओळीला १० पॉइंट आले. त्यातले ७.२ समासाने घेतले तर अक्षराला २.८ पॉइंट उरतात. समास पूर्ण काढून टाकला तरी अक्षर साडेसातच्या पुढे जात नाही. म्हणजे हा तक्ता स्लाइडवर वाचता येईल असा मावतच नाही, कितीही ओढाताण केली तरी.

उलटं करून बघा. मला २४ पॉइंटचं अक्षर हवं आहे. २४ गुणिले १.३५ म्हणजे ३२.४, त्यात ७.२ मिळवले की ३९.६ पॉइंट, म्हणजे ०.५५ इंच. पाच इंचांत अशा नऊ ओळी मावतात. मथळा धरून सात ओळी ठेवल्या तर ३.८५ इंच लागतात आणि तक्त्याला भोवती मोकळी हवाही मिळते. म्हणून माझा तक्ता सहा जिल्ह्यांचा. कोकण विभागात तेव्हा सहाच जिल्हे होते, त्यामुळे निवडही आपसूक झाली आणि ती कुणालाही समजावून सांगता येते.

२४ च का? त्याची चाचणी सांगते, कारण हा आकडा प्रत्येक ठिकाणी वेगळा निघू शकतो. पडदा ८ फूट रुंद आहे आणि शेवटचा बाक पडद्यापासून ४० फुटांवर आहे असं समजा. म्हणजे तो माणूस पडद्याच्या रुंदीच्या पाचपट लांब बसला आहे. तुमच्या लॅपटॉपचा पडदा १२ इंच रुंद असेल तर त्याच्या पाचपट म्हणजे ५ फूट. स्लाइड पूर्ण पडद्यावर लावा, ५ फूट मागे उभे राहा आणि आकडे वाचा. तुम्हाला जे दिसेल तेवढंच त्या शेवटच्या माणसाला दिसणार आहे. वाचताना मान पुढे गेली तर अक्षर वाढवा आणि ओळी कमी करा. माझ्या अनुभवात १८ च्या खाली ही चाचणी पार होत नाही, आणि वयस्कर मंडळी असतील तर २४ च्या खाली मी जात नाही.

काढलेला तक्ता आधी खरा आहे का ते बघा

स्लाइडवर नेण्याआधी हे केलंच पाहिजे, कारण सर्वांत महत्त्वाची ओळच इथे बिघडू शकते. ते कसं, ते सांगते.

पीडीएफमधून सरळ कॉपी करून चिकटवलं तर सगळे आकडे बहुधा एकाच रकान्यात येतात. विंडोजवरच्या मायक्रोसॉफ्ट ३६५ च्या एक्सेलमध्ये `Data > Get Data > From File > From PDF` ही वाट आहे. फाइल निवडली की डावीकडे `Table001`, `Table002` अशी यादी दिसते, शिवाय `Page001` अशी पानंही दिसतात. तक्ता दोन पानांवर पसरला असेल तर त्याचे दोन तुकडे येतात आणि मथळा दोनदा येतो. घाईत एकच तुकडा घेतला जातो आणि निम्मे जिल्हे गायब होतात. म्हणून ओळी मोजा, ३५ भरल्या पाहिजेत. आणि बेरीज करा. २०११ च्या लोकसंख्येच्या रकान्याची बेरीज ११,२३,७४,३३३ आली पाहिजे, तीच राज्याची लोकसंख्या आहे. नुसत्या कोकणाच्या सहा जिल्ह्यांची बेरीज २,८६,०१,४४१ येते. एक जरी अंक पीडीएफमधून चुकीचा आला असेल तर बेरीज जुळत नाही.

जुन्या मराठी पीडीएफमध्ये युनिकोडच्या आधीचे फॉन्ट असतात. तिथून जिल्ह्यांची नावं काढली की रोमन अक्षरांचा काला येतो. तो दुरुस्त करत बसू नका, सहा नावं हाताने लिहा.

आता ती महत्त्वाची गोष्ट. घट दाखवणारा आकडा म्हणजे ऋण आकडा. छापील दस्तऐवजात ऋणचिन्ह अनेकदा कीबोर्डवरचं साधं चिन्ह नसतं, छपाईचं वेगळं लांब चिन्ह असतं. डोळ्यांना दोन्ही सारखीच दिसतात. एक्सेलला मात्र ते लांब चिन्ह ओळखू येत नाही आणि तो त्या आकड्याला मजकूर समजतो. मग चढत्या क्रमाने लावलं की आधी खरे आकडे येतात आणि मजकूर सगळ्यांच्या खाली जातो. सर्वांत जास्त घट झालेले मुंबई शहर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग हे तिन्ही जिल्हे ३६ टक्के वाढलेल्या ठाण्याच्याही खाली जाऊन बसतात. क्रमवारी लावलेली दिसते, पण ती खोटी असते.

ओळखायचं कसं? तुम्ही मांडणी बदललेली नसेल तर एक्सेलमध्ये आकडा सेलच्या उजव्या कडेला चिकटतो आणि मजकूर डाव्या कडेला. एकाच रकान्यातले तीन आकडे डावीकडे दिसले की समजायचं. छापलेला टक्का E रकान्यात असेल तर उपाय असा:

```
=VALUE(SUBSTITUTE(E2,UNICHAR(8722),"-"))
```

८७२२ हा त्या लांब ऋणचिन्हाचा क्रमांक. यानेही `#VALUE!` आलं तर तिथे ऋणचिन्हाऐवजी छोटी आडवी रेघ वापरलेली असू शकते, तिचा क्रमांक ८२११ टाकून बघा. पण माझी पद्धत याहून सोपी आणि भरवशाची आहे. छापलेला टक्का घेतच नाही. दोन वर्षांची लोकसंख्या घेते, B रकान्यात २००१ ची आणि C मध्ये २०११ ची, आणि टक्का स्वतः काढते:

```
=(C2-B2)/B2*100
```

रत्नागिरी: २००१ मध्ये १६,९६,७७७, २०११ मध्ये १६,१५,०६९. फरक ८१,७०८, आणि टक्का −४.८२. छापलेल्या आकड्याशी ताडून पाहिला की दोन्ही बाजूंची खात्री होते. एक लक्षात ठेवा, २०११ चे सुरुवातीला जाहीर झालेले तात्पुरते आकडे आणि नंतरचे अंतिम आकडे वेगळे आहेत. दोन फाइलींमधून दोन रकाने उचलले तर हा टक्का जुळणार नाही, आणि तो न जुळणं हीच चुकीची खूण.

रकाने कापणं

मूळ तक्त्यात पुरुष, स्त्रिया, घनता, लिंग-गुणोत्तर, साक्षरता असं बरंच काही असतं. कुठला रकाना ठेवायचा याचं उत्तर तक्त्याकडे बघून मिळत नाही. ते स्लाइडच्या शीर्षकात मिळतं. म्हणून शीर्षक आधी पूर्ण वाक्यात लिहा. "जिल्हावार लोकसंख्या" हे शीर्षक नाही, ते फाइलचं नाव झालं. माझं वाक्य असं होतं: "रत्नागिरी जिल्ह्यात दहा वर्षांत ८१,७०८ माणसं कमी झाली." हे वाक्य पटायला जे आकडे लागतात तेवढेच रकाने राहतात. जिल्हा, २००१, २०११ आणि बदल. चार.

पाचव्या रकान्याचा मोह मला झाला होता, तो सांगते. २०११ मध्ये रत्नागिरीत दर हजार पुरुषांमागे १,१२२ स्त्रिया होत्या. पुरुषमंडळी कामाला मुंबईला, बायका घरी, हे कोकणातल्या प्रत्येक घराला ठाऊक असलेलं चित्र त्या एका आकड्यात दिसतं. तो आकडा इतका बोलका आहे की तो या तक्त्यात घातला असता तर लोकांनी घटीकडे बघितलंच नसतं. मी तो पुढच्या स्लाइडवर एकट्याने मोठ्या अक्षरात ठेवला. चांगला आकडा कापताना वाईट वाटतं, पण तो फेकायचा नसतो, त्याची जागा बदलायची असते.

मग आकडे छोटे करायचे. १,१०,६०,१४८ हा आकडा २४ पॉइंटमध्ये बरीच रुंदी घेतो आणि लांबून कुणी तो अंकाअंकाने वाचत नाही. सगळं लाखांत आणा आणि "लाख" हा शब्द एकदाच मथळ्यात लिहा. एकाच रकान्यात कुठे लाख आणि कुठे कोटी करू नका. ठाण्याचे ११०.६० लाख वाचायला थोडे विचित्र वाटतील, पण खालीवर तुलना करता येते.

किती दशांश ठेवायचे, यातही फसायला होतं. लोकसंख्या लाखांत दोन दशांशांपर्यंत ठेवली: १६.९७ आणि १६.१५. टक्काही दोन दशांशांपर्यंत −४.८२ ठेवला असता, तर समोर बसलेल्या एखाद्या शिक्षकाने मोबाइलवर १६.९७ वरून १६.१५ चा हिशेब केला असता. त्याला −४.८३ मिळालं असतं आणि तुमचा आकडा चुकीचा आहे असं वाटलं असतं. चूक कुणाचीच नाही, ती लाखांत दोनच दशांश ठेवल्याने आली. टक्का एका दशांशापर्यंत ठेवला की दोन्ही बाजूंनी −४.८ च येतं. सहाही जिल्ह्यांना मी हे तपासून पाहिलं. स्लाइडवरचे आकडे स्लाइडवरच एकमेकांशी जुळले पाहिजेत.

शेवटी हा तक्ता तयार झाला:

| जिल्हा | २००१ (लाख) | २०११ (लाख) | बदल (%) |
|---|---:|---:|---:|
| मुंबई शहर | ३३.३८ | ३०.८५ | −७.६ |
| रत्नागिरी | १६.९७ | १६.१५ | −४.८ |
| सिंधुदुर्ग | ८.६९ | ८.५० | −२.२ |
| मुंबई उपनगर | ८६.४० | ९३.५७ | ८.३ |
| रायगड | २२.०८ | २६.३४ | १९.३ |
| ठाणे | ८१.३२ | ११०.६० | ३६.० |

अंक देवनागरीत हवे असतील तर एक्सेलमध्ये सेलच्या `Custom` फॉरमॅटमध्ये हे लिहा, टक्क्याच्या रकान्यात 0.00 ऐवजी 0.0, आकडा आकडाच राहतो, फक्त दिसतो देवनागरीत:

```
[$-4000439]0.00
```

पहिल्या ओळीकडे बघा. मुंबई शहरात घट रत्नागिरीपेक्षा जास्त आहे. माझ्या वाक्याला ही ओळ अडचणीची आहे, आणि ती काढून टाकली असती तर रत्नागिरी सर्वांत वर दिसला असता. ते मी केलं नाही आणि कुणी करू नये. ओळी कापायच्या त्या एका नियमाने, इथे "कोकण विभागातले सगळे", आणि त्या नियमात येणारी गैरसोयीची ओळ राहिलीच पाहिजे. उलट ती राहिल्याने बोलायला जागा मिळाली. मुंबई शहर रिकामं होतंय आणि शेजारी उपनगर आणि ठाणे भरतंय, तर रत्नागिरी घटतोय आणि त्याच्या खालचा सिंधुदुर्गही घटतोय. या दोन घटी सारख्या नाहीत, हे त्याच तक्त्यावरून सांगता आलं.

पॉवरपॉइंटमध्ये आणताना

एक्सेलमधून कॉपी करून स्लाइडवर चिकटवलं की कोपऱ्यात पर्यायांची छोटी खूण येते. चित्र म्हणून चिकटवू नका. चित्र ओढून लहान-मोठं करता येतं म्हणून सोयीचं वाटतं, पण त्यातलं अक्षर किती पॉइंटचं उरलं ते कळत नाही आणि एखादा आकडा दुरुस्त करायचा तर सगळं पुन्हा. `Embed` हा पर्याय तर काळजीपूर्वकच वापरा. त्याने फक्त तक्ता जात नाही, त्याच्याबरोबर तुमची सबंध एक्सेल फाइल स्लाइडमध्ये जाते. त्यात दुसऱ्या पानांवर लोकांची नावं, फोन नंबर असतील तर तेही.

मी स्लाइडवर `Insert > Table` ने आधी चार रकाने आणि सात ओळींचा रिकामा तक्ता काढते, त्याचे सगळे सेल निवडते आणि त्यात एक्सेलचे तेवढेच सेल चिकटवते. त्याने एक्सेलच्या चौकटी आणि रंग सोबत येत नाहीत. अठ्ठावीस सेलच तर आहेत, हाताने भरले तरी पाच मिनिटांचं काम.

आता ती खरी अडचण: अक्षर कमी केलं, तरी ओळीची उंची कमी होत नाही. पॉवरपॉइंटचा तक्ता मजकुराच्या चौकटीसारखा अक्षर आपोआप आक्रसून घेत नाही. ओळीत जे सर्वांत उंच आहे, त्याच्या खाली ओळ जात नाही. मग त्या ओळीत उंच काय आहे ते शोधायचं, आणि ते बहुतेक वेळा दिसत नाही.

पहिली शक्यता रिकामा सेल. त्यात काही लिहिलेलं नाही, तरी त्याला अक्षराचा आकार असतो, बहुधा १८. बाकी सगळे सेल १४ केले आणि हा एक राहिला तर सगळी ओळ त्याच्या उंचीची राहते. एकेक सेल निवडून आकार बदलणाऱ्यांना हे कायम होतं. तक्त्याच्या बाहेरच्या कडेवर क्लिक करून सबंध तक्ता निवडा आणि आकार एकदाच द्या, रिकामे सेलही त्यात येतात.

दुसरी शक्यता शेवटचा एन्टर. पीडीएफमधून काढलेल्या मजकुराच्या शेवटी एक न दिसणारी रिकामी ओळ येते. सेलमध्ये क्लिक करून `Ctrl+End` दाबा. कर्सर आकड्याच्या पुढे न थांबता खाली गेला, तर ती ओळ आहे. बॅकस्पेस दाबा. जिल्ह्याच्या नावाच्या मधेही असा एन्टर येतो, "मुंबई" एका ओळीत आणि "उपनगर" खाली.

तिसरी शक्यता, ओळींमधलं आणि परिच्छेदामागचं अंतर. `Home` मधल्या परिच्छेदाच्या खिडकीत `Before` आणि `After` शून्य करा. आणि चौथी, `Layout > Cell Margins`. ते `None` करता येतं, पण मी तिकडे शेवटी जाते. समास घालवून मिळवलेली जागा ही अक्षरं एकमेकांना चिकटवून मिळवलेली असते, आणि देवनागरीत वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीला टेकला की वाचणं आणखी कठीण.

हे झाल्यावर खालची कड वर ओढा, आता येईल. मग `Layout` मधलं `Distribute Rows` दाबलं की सगळ्या ओळी सारख्या होतात. मथळ्यात दोन सेल एकत्र जोडलेले असतील तर आधी तोडा, जोडलेले सेल ओळी-रकाने सारखे करताना आणि एखादा रकाना काढताना घोळ घालतात.

रुंदीबद्दल एक सांगते, कारण इथे बहुतेक जण उलट चुकतात. रकाने कापले की जागा रिकामी राहते आणि ती भरायला तक्ता ताणून १२ इंच केला जातो. मग "रत्नागिरी" एका टोकाला आणि −४.८ दुसऱ्या टोकाला. डोळा जाताना ओळ चुकतो. मी जिल्ह्याच्या रकान्याला साडेतीन इंच आणि आकड्यांच्या तीन रकान्यांना प्रत्येकी दोन इंच दिले, एकूण साडेनऊ. उरलेली जागा रिकामी ठेवली. आकडे उजवीकडे टेकवले आणि मथळेही उजवीकडे, म्हणजे मथळा आपल्या आकड्यांच्या डोक्यावर बसतो.

एक ओळ उठून दिसायला

तक्ता काढला की पॉवरपॉइंट आपणहून एकाआड एक ओळीला रंग देतो. हा रंग तसाच ठेवून वर रत्नागिरीला पिवळा दिला तर तो तीन-चार रंगीत पट्ट्यांतला एक होतो. म्हणून आधी `Table Design` मध्ये `Banded Rows` ची खूण काढा. सगळ्या ओळी पांढऱ्या करा आणि त्यांच्यामध्ये फक्त बारीक करड्या रेघा ठेवा. मथळाही गडद निळा नको, तो सगळ्यांत आधी डोळ्यात भरतो आणि त्यात सांगण्यासारखं काहीच नसतं.

मग रत्नागिरीच्या ओळीला रंग आणि ठळक अक्षर. बाकी ओळींचं अक्षर गडद करडं, फिकट नव्हे, कारण त्या वाचायच्या आहेतच. फिकट पिवळा रंग लॅपटॉपवर छान दिसतो आणि उजेड असलेल्या वर्गातल्या प्रोजेक्टरवर तो पांढराच होतो. मी मध्यम नारिंगी घेते आणि अक्षर काळं ठेवते. लाल-हिरव्याच्या भरवशावर घट-वाढ दाखवू नका. ते दोन रंग वेगळे न दिसणारी माणसं असतात, आणि स्लाइडची झेरॉक्स काढली की दोन्ही काळेच. ऋणचिन्ह पुरेसं आहे.

महत्त्वाच्या ओळीचं अक्षर मोठं करण्याचा विचार येतो. करू नका, ती ओळ उंच होते, तक्ता पुन्हा खाली सरकतो आणि ते आकडे वरच्या-खालच्या आकड्यांच्या रांगेत राहत नाहीत. ठळक केल्यावरही एकदा बघा. ठळक अक्षर थोडं रुंद असतं, आणि रकाना जेमतेम असेल तर शेवटचं अक्षर खाली पडतं आणि ओळ दुप्पट होते. रकाना जरासा रुंद केला की जागेवर येतं.

आणि एकच ओळ. सिंधुदुर्गलाही थोडासा रंग देऊ का, असं मला बैठकीच्या आदल्या रात्री एका सहकाऱ्याने विचारलं होतं. दिला असता तर बघणाऱ्याला दोन रंगांचा अर्थ विचारावा लागला असता. सिंधुदुर्गबद्दल मी तोंडाने बोलले.

तक्त्याखाली १४ पॉइंटमध्ये एक ओळ लिहिली: "जनगणना २०११, अंतिम आकडे. ठाणे जिल्ह्यात तेव्हा पालघर समाविष्ट." पालघर १ ऑगस्ट २०१४ ला वेगळा झाला. ही ओळ नसेल तर पालघर कुठे आहे, हा प्रश्न येतोच. ती लांबून वाचता आली नाही तरी चालते, ती विचारणाऱ्यासाठी आहे.

राहिला बैठकीच्या जागेवरचा लॅपटॉप. तुमच्या संगणकावरचा फॉन्ट तिथे नसेल तर दुसरा फॉन्ट येतो, तो उंच असेल तर ओळी वाढतात आणि सकाळी नीट बसलेला तक्ता दुपारी पुन्हा खाली लोंबतो. `File > Options > Save` मध्ये फॉन्ट फाइलबरोबर नेण्याची सोय आहे, `Embed fonts in the file`. पण प्रत्येक फॉन्टला तशी परवानगी नसते. मी निर्मला यूआय वापरते, कारण तो विंडोजबरोबरच येतो, आणि शिवाय त्याच पेनड्राइव्हवर स्लाइडची पीडीएफ ठेवते. तक्ता सरकलेला दिसला की पीडीएफ उघडायची.